अनुभव धागा : विखुरलेल्या बुकिंगांचा दिवसवार प्लॅन कसा करता?

राजारामपुरीची_मृणाल

आज कपाट आवरताना 2020 च्या फेब्रुवारीतला एक कागद सापडला आणि पोटात गोळा आला. आम्ही दोघं आणि सासू-सासरे दिल्ली-आग्रा करून आलो होतो, त्याचा हा 'प्लॅन'. पुणे-दिल्ली विमानाचं तिकीट ह्यांच्या मेलवर, दिल्लीचं हॉटेल माझ्या मोबाईलवर, आग्र्याचं हॉटेल दिराने काढलेलं, परतीची मथुरा-पुणे रेल्वे सासऱ्यांच्या ओळखीतल्या एजंटाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर. चार ठिकाणचं बघून मी एका पानावर उतरवलं. शेवटची ओळ अशी होती : '14 तारीख, रात्री 12:40, मथुरा.'

गुरुवारी 13 ला ताजमहाल बघितला, कारण शुक्रवारी तो बंद असतो. शुक्रवारी आरामात किल्ला बघितला, जेवलो, टॅक्सी करून रात्री अकराला मथुरेत हजर. टीसींनी तिकीट बघितलं आणि म्हणाले, ही गाडी काल रात्रीच गेली.

14 तारखेचे 12:40 म्हणजे 13 च्या रात्रीचं जेवण झाल्यावरचे 12:40! गाडी आली तेव्हा आम्ही आग्र्यात हॉटेलवर गाढ झोपलो होतो. सासूबाई गुडघे धरून सकाळपर्यंत बाकावर बसल्या, चौघांची तिकिटं वाया गेली. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक प्रवासाचा दिवसवार कागद मीच करते. तुमचे अनुभव लिहा. कोण कसं करतं?

पंचगंगाकाठ

अगं बाई! सासूबाई आता कशा आहेत?

गाडीवाला_काका

मृणालताई, मी बरीच वर्षं शाहूपुरीत तिकिटांचं काम केलं. हा प्रकार दर सीझनला एकदा तरी समोर यायचा. हल्लीच्या ई-तिकिटावर खरं तर दोन तारखा छापलेल्या असतात, `Start Date` आणि `Departure`. पहिली म्हणजे गाडी तिच्या मूळ स्टेशनवरून सुटते ती. दुसरी म्हणजे तुमच्या स्टेशनवरून सुटते ती. तुमच्या बाबतीत पहिली 13 आणि दुसरी 14. ह्या दोन तारखा वेगळ्या दिसल्या की समजायचं, गाडी मधल्या वाटेत मध्यरात्र ओलांडते. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर बघतानाही सुटण्याची तारीख 13 च निवडायची, नाहीतर दुसऱ्या दिवशीची गाडी दिसते आणि माणूस निवांत बसतो.

मी गिऱ्हाइकाला तारीख नुसती लिहून द्यायचो नाही, सोबत वाक्य लिहायचो : 'गुरुवारी रात्री जेवून साडेनऊला आग्र्याहून निघणे, मथुरा 12:40 (शुक्रवार लागलेला असेल).' आग्रा-मथुरा साधारण 60 किलोमीटर, म्हणजे दोन तास धरून वर तासभर हाताशी राहतो.

वेदांत_केओपी

एवढं लिहायची गरजच काय? मेल आली की गूगल कॅलेंडर विमान-हॉटेल आपोआप टाकतं. मी गेली चार वर्षं हातानं काही लिहिलेलं नाही.

राजारामपुरीची_मृणाल

@वेदांत, विमान आणि हॉटेल ज्याच्या मेलवर येतं त्याच्याच कॅलेंडरमध्ये जातं ना? आमचं रेल्वेचं तिकीट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होतं, ते कुठेच आलं नसतं. आणि नेमकं तेच चुकलं.

वेदांत_केओपी

हां, ते खरं. माझी सगळी बुकिंग माझ्याच मेलवर असतात म्हणून जमत असेल.

सासनेमैदान

दिल्लीत करोल बागेत राहायला कुठलं हॉटेल बरं? मार्चमध्ये चाललोय, सहा जण.

उचगावची_आई

आमचा घोळ हॉटेलचा. लेकीच्या ॲडमिशनला बंगळुरूला बसने पहाटे साडेपाचला उतरलो. हॉटेल त्याच तारखेपासून बुक होतं, पण खोली दुपारी दोनला मिळणार. पोरगी परीक्षेच्या टेन्शनमध्ये, आणि आम्ही लॉबीत बॅगांवर बसून. त्यात काउंटरवर 'पाटील' नावाने बुकिंगच सापडेना! भाच्याने काढलं होतं, त्याच्या नावावर होतं. आता मी कागदावर हॉटेलच्या ओळीत तीनच गोष्टी लिहिते : कोणाच्या नावावर, खोली किती वाजता मिळणार, आणि पैसे भरलेत की तिथे द्यायचे. आदल्या दिवशी हॉटेललाच फोन करून बुकिंग आहे ना ते विचारते. पहाटे पोचणार असू तर आदल्या रात्रीपासून खोली घेते. एका रात्रीचे पैसे जास्त जातात, पण झोप मिळते.

कढी उकळतेय, नंतर बोलते.

पंचगंगाकाठ

@उचगावची_आई, लेकीला ॲडमिशन मिळाली का?

उचगावची_आई

मिळाली गं. दुसऱ्या वर्षाला आहे आता.

गाडीवाला_काका

विमानाचंही सांगून ठेवतो. वेबसाइटवरून तिकीट काढलं की दोन नंबर येतात. एक त्या वेबसाइटचा, लांबलचक. दुसरा विमान कंपनीचा पीएनआर, सहा अक्षरांचा. वेब चेक-इनला आणि विमानतळावर हा सहावालाच चालतो. रेल्वेचा पीएनआर दहा आकडी, त्यामुळे तो वेगळा ओळखू येतो. लोक कागदावर नुसतं 'बुकिंग नं.' लिहितात आणि रांगेत पुढे गेल्यावर मेल शोधत बसतात.

वेदांत_केओपी

विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, एवढं लिहिलं की झालं.

गाडीवाला_काका

तीन तास परदेशासाठी, वेदांत. देशात दोन तास पुरतात. पण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. म्हणून कागदावर विमानाच्या वेळेआधी 'बॅग ह्या वेळेपर्यंत द्यायची' अशी वेगळी ओळ टाकायची आणि घरातून निघायची वेळ तिथून मागे मोजायची. सव्वासहाचं विमान असेल तर बॅग सव्वापाचला गेलेलीच पाहिजे. कोल्हापूरहून रात्रीच्या बसने पुण्याला जाऊन ते पकडणार असाल तर घाटात अडकलात की संपलं, आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम करा.

रंकाळा_सकाळ

माझ्या कागदात सगळं बरोबर होतं. विमान कंपनीनं वेळ दोन तास अलीकडे आणली, मेल आली नवऱ्याला, त्यानं वाचली नाही. मी प्रिंट काढून फाइलला लावून समाधानात. आता कागदाच्या डोक्यावर 'शेवटची खात्री केली : तारीख' लिहिते, निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक बुकिंग उघडून बघते आणि ती तारीख बदलते.

राजारामपुरीची_मृणाल

@रंकाळा_सकाळ, हे मी आजपासून सुरू करणार. काका, तुमच्या पद्धतीनं तो जुना दिवस परत लिहून बघितला. तेव्हा असा असता तर!

```
गुरुवार 13
सकाळ  हॉटेल सोडणे, सामान तिथेच ठेवून ताजमहाल
20:00 जेवण, हॉटेलवरून सामान घेणे
      (13 ची रात्र बुक करायची नाही)
21:30 टॅक्सी, आग्रा ते मथुरा
00:40 गाडी (शुक्रवार 14 लागला)
      रेल्वे पीएनआर, डबा, बर्थ
      तिकीट : बाबांच्या मोबाईलवर
```

लिहिताना लक्षात आलं, हॉटेलच्या 13 च्या रात्रीचे पैसे भरले होते तिथेच शंका यायला हवी होती. ज्या रात्री गाडीत झोपायचं, त्याच रात्रीची खोली कशी?

उचगावची_आई

00:40 माझ्या सासऱ्यांना कळणार नाही. 'रात्री साडेबाराच्या आत' असं लिही.

गाडीवाला_काका

चोवीस तासांची वेळच बरी. तिकिटावर तीच असते, जुळवून बघता येते.

उचगावची_आई

जुळवून बघणारे आपण, काका. गाडीत बसणारे ते.

वेदांत_केओपी

आणि 00:40 ही ओळ शुक्रवारात नको? तारीख तर शुक्रवारची आहे.

राजारामपुरीची_मृणाल

शुक्रवारात लिहूनच तर गाडी गेली रे.

सासनेमैदान

करोल बागेचं कोणी सांगितलंच नाही.

पंचगंगाकाठ

@सासनेमैदान, मेट्रोच्या जवळचं बघा, सहा जणांना सामानासकट बरं पडतं. आणि ताज करणार असाल तर शुक्रवार सोडून!