मदत हवी आहे: तीन हॉटेलांच्या मालकाला पहिला मेल कसा लिहावा? (जळगाव)

रेघोटी
नमस्कार मंडळी. मी जळगावची, ग्राफिक डिझाइनचं काम घरूनच करते. आतापर्यंत लग्नपत्रिका, क्लासचे फलक आणि दोन मसालेवाल्यांची पाकिटं अशी कामं झाली. आता हॉटेलांकडे वळायचं आहे. एका मालकांची तीन हॉटेलं आहेत: एक जळगाव शहरात, एक भुसावळच्या वाटेवर हायवेला, एक धुळ्यात. ओळखपाळख काही नाही. काउंटरवर विचारलं तर "ऑफिसला मेल टाका" म्हणाले आणि info@ ने सुरू होणारा पत्ता दिला. मसुदा असा आहे:

विषय: प्रोफेशनल ग्राफिक डिझाइन सेवांबाबत

"माननीय महोदय, मी अनुभवी ग्राफिक डिझायनर असून लोगो, मेनूकार्ड, बॅनर, पॅकेजिंग, सोशल मीडिया पोस्ट, व्हिजिटिंग कार्ड अशा सर्व सेवा वाजवी दरात देते. आजच्या स्पर्धेच्या युगात ब्रँडिंगला अनन्यसाधारण महत्त्व आहे. आपली सध्याची मेनूकार्डं काहीशी जुनाट वाटतात. सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे. एक संधी द्यावी ही विनंती."

पोर्टफोलिओची पीडीएफ १८ एमबीची आहे. मराठीत लिहू की इंग्रजीत? दर लिहू का? नमुना म्हणून एखादं पान फुकट करून जोडू का?

बोर्ड_पाहिजे
ताई, आमचं चाळीसगावला नाश्त्याचं हॉटेल आहे. बोर्ड बदलायचा आहे, नगरपालिकेचे लोक मराठी पाटीचं बोलून गेले. तुम्ही करता का? फोटो टाकू का?

रेघोटी
दादा, करते की. पण तुम्ही वेगळा निरोप पाठवा, इथे मेलचं चाललंय :)

ग्रोथवाला_पुणे
विषयाची ओळ बदला, अशा ओळीचा मेल कोणी उघडत नाही. बाकी मेल इंग्रजीतच हवा, वजन पडतं. सगळ्या सेवांची यादी राहू द्या, काय उपयोगी पडेल सांगता येत नाही. आणि बिल जीएसटी लावूनच द्या. समोरच्याला तो परत मिळतो, त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही आणि तुम्ही मोठ्या दिसता.

वरणबट्टी
विषयाच्या ओळीचं बरोबर आहे. जीएसटीचं मात्र हॉटेलला लागू होत नाही. अशी साधी हॉटेलं जेवणाच्या बिलावर ५ टक्के लावतात आणि त्या दरात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे ताईंनी १८ टक्के लावले तर ते मालकाच्या खिशातून जातात, परत काही येत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर ताईंना नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा "माझ्या बिलावर जीएसटी नाही" ही इथे जमेची बाजू आहे. पहिल्या मेलात नको, दर सांगाल तेव्हा सांगा.

मी एका हॉटेलवाल्यांच्या ऑफिसात खरेदी आणि हिशेब बघतो, म्हणून तो info@ चा मेल कोण उघडतं ते सांगू शकतो. मालक उघडत नाही. माझ्यासारखा कोणीतरी उघडतो, तोही दुपारची गर्दी ओसरल्यावर, मोबाइलवर. भाजीवाल्याचं बिल, गॅसवाल्याचं स्मरणपत्र आणि मधे तुमचा मेल. पटला तर मी त्याचा स्क्रीनशॉट काढून मालकांना व्हॉट्सॲप करतो. जे काही आहे ते त्या एका स्क्रीनमध्ये मावलं पाहिजे. १८ एमबीची पीडीएफ मी उतरवून घेत नाही, आणि मालक तर नाहीच नाही. भाषा मराठीच ठेवा. आमचे मालक इंग्रजी मेल मलाच वाचून दाखवायला सांगतात.

तुमच्या मसुद्यातलं "जुनाट" सगळ्यात आधी काढा. ते कार्ड बहुतेक मालकांच्या पुतण्याने किंवा मॅनेजरने करून घेतलेलं असतं, आणि मेल वाचणाराही तोच निघू शकतो. आणखी एक विचारतो: तिन्ही ठिकाणी जेवलात का? कार्डं शेजारी ठेवून पाहिलीत का?

रेघोटी
जेवले, फोटोही काढले. जळगावला शेवभाजी १६० ला आहे, हायवेला १८०. ऑनलाइन त्याहून जास्त. हे भावांचं मेलात लिहावं असं मनात होतं.

वरणबट्टी
भावांना हात लावू नका. हायवेचा भाव मुद्दाम वेगळा असतो, तिथलं गिऱ्हाईक वेगळं आणि खर्चही वेगळा. ऑनलाइनवाले कमिशन कापतात म्हणून तिथे चढा भाव ठेवतात. यातली कुठलीच चूक नाही, आणि तुम्ही ती चूक म्हणून दाखवलीत तर मालक म्हणतील की या बाईला धंदा कळत नाही. नावं बघा. नावं मुद्दाम कोणी वेगवेगळी ठेवत नाही, ती आपोआप होतात. प्रत्येक हॉटेलचं कार्ड वेगळ्या वर्षी, वेगळ्या प्रेसमध्ये छापलेलं असतं.

रेघोटी
आता पाहिलं. जळगावच्या कार्डावर "शेवभाजी". धुळ्याच्या कार्डावर तीच भाजी "सेव टमाटर". चव तीच होती, तोच काळा मसाला, तीच जाड तिखट शेव, वर तेलाचा तवंग. हायवेला दोन्ही नावं आहेत, वेगवेगळ्या पानांवर! आणखी सात-आठ पदार्थ असेच आहेत. भरीत एका ठिकाणी "बैंगन भरता" झालंय, आणि कळण्याच्या भाकरीची एका कार्डावर "ज्वारी रोटी" झालीय.

वरणबट्टी
हेच तुमचं मेल. धुळ्याला सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा असे दोन हायवे भेटतात, तिथे गुजरातची गाडी रोज थांबते. सुरतकडचा माणूस "सेव टमाटर" वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे टोमॅटोची आंबटगोड भाजी असते. ताटात येतो आपला झणझणीत रस्सा. मग वाटी परत जाते, नाहीतर बिलातून काढावी लागते. दुसरा घोळ किचनचा. वेटर कार्डावरचं नाव बोलतो, बिलिंगच्या मशीनमध्ये तिसरंच नाव भरलेलं असतं, आणि नवा पोऱ्या असला की चिठ्ठीवर भलतंच जातं. मालकाला ब्रँडिंग म्हटलं की खर्च दिसतो, परत आलेली वाटी म्हटलं की लगेच कळतं. तरी मेलात "परत गेली" असं लिहू नका, तो धुळ्याच्या मॅनेजरवर आरोप होईल. "बाहेरगावच्या गिऱ्हाईकाचा गोंधळ होऊ शकतो" एवढंच पुरे.

प्रेसवाला_भो
मी छपाईवाला, म्हणून सांगून ठेवतो भो. या कामात डिझाइनपेक्षा टायपिंगला वेळ जातो. जुनी फाइल मिळालीच तर ती कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीत असते, तुमच्याकडे तो फॉन्ट नसला तर शेवभाजीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नाहीतर कोणीतरी सगळं कर्व्ह करून ठेवलेलं असतं, म्हणजे १६० चे १७० करायचे तरी तो आकडा खोडून नव्याने बसवा. बऱ्याच मालकांचा राग हाच राहातो: आधीचा डिझायनर फाइल घेऊन गायब झाला. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये ठेवून फाइल त्यांच्या हाती देणार असाल तर मेलात तसं लिहा. छपाईची पीडीएफ मात्र कर्व्ह करूनच प्रेसला द्या, नाहीतर जोडाक्षरं फुटली की आमच्या नावाने बोंब.

अजून एक. मॅट लॅमिनेशन दिसतं भारी, पण शेवभाजीच्या तेलाचे हात लागले की बोटं उठतात. आणि कडा लॅमिनेशनसकट कापल्या तर ओल्या फडक्याने पुसून पुसून तिथूनच सुटतं. कडेला प्लास्टिकची पट्टी सोडून घ्या. हे मेलात नको, भेटीत बोला.

ग्रोथवाला_पुणे
क्रेडिटचं माझं चुकलं, मान्य. पण नमुना तयार करून पाठवाच. नुसत्या शब्दांवर कोण काम देतं?

वरणबट्टी
तयार पान पाठवलं की ते प्रेसवाल्याकडे जातं आणि "असंच करून दे" होतं. त्यापेक्षा तिन्ही कार्डांवरच्या त्या ओळी कापून एकाखाली एक लावा आणि तो एकच फोटो जोडा. त्याला डिझाइनची गरजच नाही, आणि तो स्क्रीनशॉटसोबत पुढे जातो.

रेघोटी
नवा मसुदा. बघा जरा.

विषय: जळगावची शेवभाजी आणि धुळ्याची सेव टमाटर

"नमस्कार साहेब, मी जळगावची ग्राफिक डिझायनर. तुमच्या तिन्ही हॉटेलांत जेवले. जळगावच्या कार्डावर जी शेवभाजी आहे, तीच धुळ्याच्या कार्डावर सेव टमाटर या नावाने छापली आहे. बाहेरगावच्या गिऱ्हाईकाचा त्यात गोंधळ होऊ शकतो. असे आणखी काही पदार्थ दिसले, फोटो सोबत आहे.

तिन्ही हॉटेलांसाठी पदार्थांच्या नावांची एकच यादी आणि त्यावरून कार्डाची आतली पानं मी करून देऊ शकते. सुरुवात फक्त धुळ्यापासून. पानं सुटी राहतील, भाव बदलला की तेवढंच पान छापायचं. दुरुस्त करता येईल अशी फाइल तुमच्याकडे राहील.

मसाल्याच्या पाकिटांचं माझं काम खालच्या लिंकवर आहे. हॉटेलचं काम मी पहिल्यांदाच करणार आहे. पुढच्या आठवड्यात एखाद्या दुपारी चारनंतर जळगावच्या हॉटेलात दहा मिनिटं भेटता येईल का?"

खाली नाव आणि फोन नंबर.

प्रेसवाला_भो
"पहिल्यांदाच करणार" कशाला सांगता? काढा ते.

वरणबट्टी
माझ्या मते राहू द्या. लिंकवर हॉटेलचं एकही काम दिसणार नाही, तेव्हा त्यांना कळणारच आहे. आधी सांगितलेलं बरं. फक्त "एकच यादी"च्या पुढे "तुमच्या बिलिंग मशीनमधल्या नावांशी जुळणारी" एवढं घाला. माझ्यासारखा माणूस त्या शब्दांवर थांबतो.

ग्रोथवाला_पुणे
आणि दर? आकडा नसेल तर लोक महाग समजून सोडून देतात.

वरणबट्टी
आकडा असेल तर आमच्याकडे तोच आकडा प्रेसवाल्याला दाखवून घासाघीस होते.

प्रेसवाला_भो
होते. माझ्याकडेच येतात तो आकडा घेऊन.

रेघोटी
धुळ्याच्या कार्डावर किती पदार्थ आहेत ते मोजून टायपिंगसकट आकडा काढून ठेवते. मेलात घालायचा की भेटीत सांगायचा, अजून ठरत नाहीये. मशीनचं वाक्य घातलं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर पुन्हा मेल करू की सरळ काउंटरवर जाऊ?

वरणबट्टी
काउंटरवर जा, पण शनिवार-रविवार नको. मेलची प्रिंट न्या आणि मॅनेजरला विचारा की हिशेब कोण बघतं. त्या माणसाला भेटा.

बोर्ड_पाहिजे
ताई, निरोप पाठवला आहे. मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत म्हणे, म्हणून नाव वर मराठीत मोठं आणि खाली इंग्रजीत बारीक असं पाहिजे. आमच्याकडे दर आधीच सांगा बरं का.