जबाबदार: 'टीम' लिहू नका

> रेट्रोच्या चिठ्ठ्यांवरून रीतसर नोंद कशी करायची? आमची यादी दर वेळी तशीच राहते.

टिळकवाडीतल्या आमच्या सहा जणांच्या टीमचंही असंच व्हायचं. चिठ्ठीवर 'टेस्टिंगला उशिरा येतं', पुढे जबाबदार 'टीम'. ही तक्रार झाली, ठराव नव्हे. आता तीच नोंद अशी असते: 'स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत नवी स्टोरी टेस्टिंगला घ्यायची नाही. जबाबदार: टेस्टर. तपासणी: शुक्रवार १४, बोर्डावर मोजून.' जबाबदार म्हणजे सगळं एकट्यानं करणारा नव्हे, पाठपुरावा करणारा. (आमच्या टेस्टर ताई त्यात कुणाला सोडत नाहीत!) १४ला मोजलं तर तीन स्टोऱ्या उशिरा आलेल्या. मग ठराव बंद केला नाही. जुनी तारीख तशीच ठेवून खाली 'तीन आल्या' आणि नवी तारीख लिहिली. एका स्प्रिंटला दोनच ठराव घेतो, बाकीच्या चिठ्ठ्यांचा नुसता फोटो.