टाकीच्या लाइनचा पाइप: ऑर्डर देण्याआधी एकदा बघा

सचिव: गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन बदलायची आहे. ठेकेदाराने पीव्हीसी पाइपचा नमुना पार्किंगमध्ये ठेवलाय. वर '६३ × ३.०, पीएन १०' असं छापलंय. कुणाची हरकत नसेल तर उद्या ऑर्डर देतो.

बी-३०२: मी हातात घेऊन बघितला. चांगला जड वाटतोय.

सी-५०१: दादा, जड आहे म्हणून चांगला असं धरू नका. पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला ११ वर्षं होते, म्हणून सांगते. ६३ म्हणजे बाहेरचा व्यास, ३.० म्हणजे भिंतीची कमीत कमी जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पीएन १० म्हणजे १० बार दाब. याशिवाय उत्पादकाचं नाव, मानक क्रमांक आणि बॅच किंवा तारीख आहे का? हा मजकूर पाइपभर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यायला हवा. ओल्या फडक्याने घासूनही बघा.

सचिव: नाव आणि मानक क्रमांक आहे. बॅच कुठेच दिसत नाही. घासल्यावर अक्षरं फिकट झाली.

ए-१०४: माझ्याकडे व्हर्निअर आहे. कुठे मोजू ताई?

सी-५०१: काका, सॉकेटच्या बाजूला नको. साध्या टोकाला उतार दिलेला असतो, तिथेही जाडी कमीच येते. करवतीने सरळ कापा, कडेचे बुरे ब्लेडने काढा आणि गोल फिरत आठ ठिकाणी मोजा. सगळे आकडे टाका. सरासरी ठीक असली तरी सगळ्यात पातळ जागा महत्त्वाची, पाइप फुटतो तो तिथेच.

ए-१०४: २.७, २.६, २.५, २.४, २.३, २.४, २.५, २.६. एक बाजू स्पष्ट पातळ आहे.

सी-५०१: म्हणजे सरासरी २.५, आणि सगळ्यात कमी २.३. एकही आकडा ३.० पर्यंत गेलेला नाही. नुसत्या जाडीच्या हिशेबाने, माल उत्तम धरला तरी, २.५ चा पाइप साधारण ८ बारचाच होतो. आता वजन. बरोबर एक मीटर तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा.

बी-३०२: ७६५ ग्रॅम. जाड, चांगल्या पाइपचं किती यायला हवं?

सी-५०१: ३.० जाडीला साधारण ७९०. फरक २५ ग्रॅमचा, म्हणून हातात घेऊन कळलं नाही. पण हा पाइप २.५ चा आहे. त्याच्या एका मीटरमध्ये प्लास्टिक बसतं किती, तर (६३ वजा २.५) × २.५ × ३.१४, म्हणजे ४७५ घनसेंटिमीटर. साध्या कडक पीव्हीसीची घनता १.४ च्या आसपास, म्हणजे वजन ६६५ च्या जवळ यायला हवं होतं. वरचे १०० ग्रॅम आले कुठून? बहुतेक चुनखडीची पूड. तिची घनता २.७ आहे. थोडी पूड सगळेच घालतात. जास्त घातली की पाइप ठिसूळ होतो आणि वजन मात्र भरतं.

ए-१०४: पण माझ्या मोजण्यात ०.१ ची चूक असेल तर?

सी-५०१: बरोबर शंका. ०.१ ला घनता ४ टक्के हलते. म्हणून व्हर्निअरशिवायची तपासणी करा. लहान तुकडा कापा, त्याचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे बोटाने काढा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्याचं आकारमान.

बी-३०२: तुकडा ४८ ग्रॅम. पाण्यात ३०.

सी-५०१: ४८ भागिले ३०, म्हणजे १.६. मीटरच्या तुकड्यावरूनही तेवढीच येते, म्हणून मला आता शंका उरली नाही. अशा घनतेला पाइपच्या वजनात अंदाजे चौथा हिस्सा पूडच निघतो. १.४५ आणि १.५ मधला फरक घरच्या काट्यावर ठरवायला मी जाणार नाही, पण १.६ स्पष्ट आहे.

बी-३०२: आमच्या बाथरूमच्या गरम पाण्याच्या पाइपालाही हेच आकडे?

सी-५०१: नाही. सीपीव्हीसी मुळातच थोडा जड, साधारण १.५ च्या पुढे. आणि एचडीपीई किंवा पीपीआर तर पाण्यावर तरंगतात. हा हिशेब फक्त साध्या कडक पीव्हीसीचा.

सचिव: हा नमुना परत पाठवतो. ठेकेदाराला काय लिहू?

सी-५०१: 'छापलेली जाडी प्रत्यक्षात, कोणत्याही जागी ३.० पेक्षा कमी नको. घनता आम्ही तपासू. बॅच क्रमांक हवा' एवढं लिहा. नमुना चांगला दाखवून माल वेगळा येतो, म्हणून गाडी उतरताना गठ्ठ्याच्या मधले पाच-सहा पाइप काढून मोजायचे. काका, व्हर्निअर घेऊन तुम्ही याल का? चलनावर सही त्यानंतर.

ए-१०४: येतो.