मदत हवी आहे : शेंगदाणा तेलाचा किलोमागे खर्च नेमका कसा काढावा?

खान्देश_तेलघाणी :
नमस्कार. धुळे जिल्ह्यात माझा एका एक्सपेलरचा छोटा तेलकारखाना आहे. मागच्या लॉटला मी १,००० किलो शेंगदाणे १०० रुपये किलोने घेतले होते. वीज, मजुरी, गाळणीचे कापड आणि घसारा मिळून ८,००० रुपये खर्च आला. निवडताना २० किलो खडे-फोलपटे निघाली. पुढे ४०० किलो तेल, ५४० किलो पेंड आणि १५ किलो गाळ मिळाला, तर उरलेले २५ किलो वजन ओलाव्यात गेले. पेंड ४० रुपये आणि गाळ २० रुपये किलोने विकला गेला. मी एकूण १,०८,००० रुपयांना तेल आणि पेंड यांच्या ९४० किलोंनी भागले आणि खर्च किलोला ११५ रुपये धरला. तेल १९० रुपये लिटरने विकूनही हातात पैसा उरलेला नाही. शिवाय पुढच्या लॉटला तेवढ्याच दाण्यांतून आणि तेवढ्याच खर्चात ३८० किलोच तेल निघाले. ही तूट कोठे दाखवावी?

राजाभाऊ_घाणा :
आमच्याकडे लोक स्वतःचे दाणे घेऊन येतात, आम्ही गाळून देण्याचे किलोवर पैसे घेतो आणि पेंड ज्याची त्याला परत देतो. त्यामुळे तुटीचा प्रश्न आम्हाला येत नाही. आपणही तसेच करून पाहावे.

हिशेबनीस_७ :
राजाभाऊ, त्यांचे दाणे स्वतःच्या पैशांचे आहेत, त्यामुळे तूटही त्यांच्याच खिशातून जाते. माझ्या मते पेंड हेही उत्पादनच आहे, म्हणून खर्च दोघांत वाटणे बरोबर आहे. मात्र तो वजनावर न वाटता विक्रीच्या किमतीवर वाटावा.

परिव्यय_लेखापाल :
वजनावर वाटू नये, हे हिशेबनीस यांचे म्हणणे योग्य आहे, कारण त्या पद्धतीत ४० रुपयांना विकली जाणारी पेंड ११५ रुपयांना पडल्याचे दिसते. परंतु आपण गिरणी पेंडीसाठी चालवत नाही. पेंड हे उपउत्पादन आहे, तेव्हा तिचे पैसे एकूण खर्चातून वजा करावेत आणि उरलेला सगळा भार तेलावर टाकावा, हे लहान गिरणीला अधिक सोयीचे आहे.

पहिल्या लॉटमध्ये पेंडीचे २१,६०० आणि गाळाचे ३०० रुपये वजा केल्यावर ८६,१०० रुपये उरतात. त्यांना ४०० किलोंनी भागल्यास तेल किलोला २१५.२५ रुपयांना पडते. खडे आणि ओलावा ही नेहमीची घट असल्याने तिचा वेगळा हिशेब नको. ती या दरात आपोआप सामावते. आता आपण विकता लिटरने, आणि शेंगदाणा तेलाचा लिटर सुमारे ०.९१ किलो भरतो, म्हणून लिटरचा खर्च जवळजवळ १९६ रुपये होतो. १९० ला विकताना प्रत्येक लिटरमागे सहा रुपये आपल्याच पदरचे जात होते.

दुसऱ्या लॉटचे उत्तर देण्यापूर्वी एक विचारतो : त्या वेळी पेंड किती भरली?

खान्देश_तेलघाणी :
आपण विचारल्यावर पोती पुन्हा वजनकाट्यावर घातली. पेंड ५५८ किलो भरली. गाळ पूर्वीइतकाच, १५ किलो होता. पेंडीची चकती नेहमीपेक्षा जाड आणि मऊ होती, आणि कागदावर दाबून ठेवल्यावर कागदाला तेल सुटले.

परिव्यय_लेखापाल :
म्हणजे कमी पडलेल्या २० किलो तेलापैकी बहुधा १८ किलो पेंडीतच अडकले आहे आणि ते पेंडीच्या भावाने विकले जाईल. २० किलो तेलाची किंमत ४,३०५ रुपये. त्यातून वाढीव पेंडीचे ७२० रुपये वजा केल्यावर ३,५८५ रुपये उरतात. ही असामान्य तूट सरळ नफा-तोटा खात्याला टाकावी आणि ३८० किलोंचा दर २१५.२५ च ठेवावा. सगळा भार तेलावर टाकला, तर दर २२४.६८ दिसेल आणि यंत्राचा दोष तेलाच्या भावात लपून जाईल. दाणे ओले होते का आणि एक्सपेलरचा स्क्रू झिजला आहे का, हे पाहावे. पेंडीतील तेल प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर खात्री होईल.

हिशेबनीस_७ :
स्क्रू सहा महिन्यांपासून झिजलेला असेल, तर ३८० हाच नेहमीचा उतारा झाला. मग ती तूट असामान्य कशी म्हणणार?

परिव्यय_लेखापाल :
हरकत रास्त आहे. म्हणूनच नेहमीचा उतारा एका लॉटवरून ठरवू नये. मी मागील दहा-बारा लॉटच्या नोंदी पाहीन, आणि पावसाळी दाण्यांचे प्रमाण वेगळे ठेवीन.

खान्देश_तेलघाणी :
आभारी आहे. उद्या स्क्रू उघडून पाहतो. एक शंका मात्र राहते : यातील थोडी पेंड मी घरच्या म्हशींना घालतो. ती ४० रुपयांनीच वजा करावी, की पोती, हमाली आणि वाहतूक वाचते म्हणून दर वेगळा धरावा?

हिशेबनीस_७ :
मी बाजारभावच धरतो.

परिव्यय_लेखापाल :
मी पोती आणि हमाली वजा करून येणारा दर धरतो, आणि विकलेल्या पेंडीलाही तोच नियम लावतो. आपल्या ४० रुपयांतून ते खर्च आधीच वजा केलेले आहेत का, हे कळवावे, नसल्यास २१५.२५ चा आकडाही थोडा वाढेल.