शब्दचर्चा : प्रयोगाच्या अहवालातील ‘±’ ही त्रुटी की अनिश्चितता?

बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, खानापूर : बेळगावच्या महाविद्यालयात केलेला प्रयोग मी माझ्या जुन्या मराठी शाळेतील मुलांसाठी लिहून काढत आहे. हेलियम-निऑन लेसरसमोर इंचाला १५,००० रेघांचे ग्रेटिंग ठेवले होते. पडदा १००.० सेंमीवर होता आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या ठिपक्यांमधले अंतर ८१.० सेंमी भरले. त्यावरून तरंगलांबी ६३५.६५ नॅनोमीटर येते. पुस्तकातील किंमत ६३२.८ आहे. जर्नलमध्ये मी ०.४५ टक्के एरर लिहिले, तेव्हा सरांनी बाजूला ‘± कुठे आहे?’ असे लिहिले. मराठीत या दोन्हींना त्रुटीच म्हणायचे का?

माध्यमिक शिक्षक, निपाणी : शाळेतील मुलांना त्रुटी हाच शब्द कळतो, तोच ठेवावा. पुस्तकी किंमतीपासूनचा फरक काढला की काम झाले. ± हवेच असेल तर पट्टीचे लघुत्तम माप १ मिमी असते, त्याचे निम्मे दोन्ही अंतरांना लावावे. उत्तर साधारण ± ०.४ नॅनोमीटर येईल.

मशीन शॉपमधील तपासनीस, उद्यमबाग : आमच्या ड्रॉइंगवर २५ ± ०.०२ असे असते आणि त्याला आम्ही टॉलरन्स म्हणतो. माल त्यात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. तुम्हीही किती फरक चालेल ते आधी ठरवून घ्या, म्हणजे प्रश्नच उरणार नाही.

निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी : टॉलरन्स हे माल बनण्याआधी ड्रॉइंग करणारा ठरवतो, इथले ± मात्र मोजणी कशी झाली यावरून काढावे लागते. त्रुटी म्हणजे ज्ञात किंमतीपासूनचा फरक. उद्या तरंगलांबी न छापलेला लेसर पॉइंटर हाती दिला, तर त्रुटी काढताच येणार नाही, पण आपले उत्तर किती नॅनोमीटरपर्यंत भरवशाचे आहे हे तरीही सांगता येईल. त्याला मी अनिश्चितता म्हणतो, आणि अहवालात हे दोन शब्द वेगळे ठेवावेत असे माझे आग्रहाचे मत आहे.

लघुत्तम मापाचा मुद्दा बरोबर आहे, पण अपुरा आहे. पडद्यावरचा ठिपका काही मिलिमीटर रुंद पसरलेला असतो आणि त्याचा मध्य डोळ्यांनी ठरवावा लागतो. शिवाय ग्रेटिंगची काच स्टँडच्या खुणेच्या अगदी वर नसते. म्हणून ८१.० ला ± ०.२ सेंमी आणि १००.० ला ± ०.३ सेंमी धरणे मला प्रामाणिक वाटते. म्हणजे अनुक्रमे ०.२५ आणि ०.३ टक्के. या नुसत्या मिळवायच्या नाहीत. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतले की ०.३९ टक्के येतात. तरंगलांबी λ, लगतच्या दोन रेघांमधले अंतर d, ८१.० चे निम्मे x, पडद्याचे अंतर D आणि किरण वळतो तो कोन θ मानला, तर सूत्र λ = d·x/√(x²+D²) असल्यामुळे हा परिणाम तरंगलांबीवर जसाच्या तसा उतरत नाही, तो cos²θ ने, म्हणजे इथे ०.८६ ने, कमी होतो. उत्तर ०.३३ टक्के, म्हणजे सुमारे २ नॅनोमीटर. तेव्हा ६३६ ± २ नॅनोमीटर असे लिहावे, ६३५.६५ मधील दशांशांना आधार नाही. पुस्तकी किंमत या मर्यादेच्या किंचित बाहेर पडते, आणि असे ± एका प्रमाण विचलनाइतके असल्याने त्यात काही वावगे नाही. ± ०.४ लिहिले असते तर तोच फरक ± च्या सातपट ठरला असता आणि नसलेला दोष शोधत बसावे लागले असते.

विद्यार्थिनी : डावीकडचा ठिपका मध्यापासून ४०.२ सेंमीवर होता आणि उजवीकडचा ४०.८ वर. हे ± मध्ये कुठे येते?

प्राध्यापक : हे लिहिलेत ते फार चांगले झाले. ग्रेटिंग सुमारे २ अंशांनी तिरपे असले तर एवढाच फरक पडतो. पडदा तिरपा असला तरी पडू शकतो. ग्रेटिंगवरून परावर्तित झालेला प्रकाश लेसरच्या तोंडावरच परत येतो का, हे पाहिले म्हणजे दोष कुणाचा ते कळते. दोन्ही बाजूंची सरासरी घेतल्याने यातला बहुतेक भाग निघून जातो आणि उरतो तो अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास. पण तुम्ही फक्त डावी बाजू मोजली असती तर ६३१.६ आले असते, म्हणजे त्रुटी ०.१९ टक्के. मोजणी वाईट, पण टक्केवारी चांगली! केवळ टक्के त्रुटीवर अहवाल का संपवू नये, याचे उत्तर तुमच्याच वहीत आहे.

शिक्षक : हे पटले. पण १५,००० हा छापील आकडा आपण अचूकच धरला की. तो एका टक्क्याने चुकीचा असेल तर ± २ ला काय अर्थ राहतो?

प्राध्यापक : तो दोष दरवेळी एकाच दिशेने येईल आणि कितीही वाचने घेतली तरी सरासरीत जाणार नाही. स्पेक्ट्रोमीटरवर सोडियमच्या ५८९.३ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाने त्याच ग्रेटिंगच्या रेघा तपासून घेता येतील. ते केलेले नसेल, तर ‘± २ मध्ये रेघांच्या संख्येतील अनिश्चितता धरलेली नाही’ हे वाक्य उत्तराच्या लगेच खाली लिहावे.

शिक्षक : वाक्य जरूर लिहावे. आठवीच्या मुलाला मात्र ‘अनिश्चितता’ म्हणजे मोजणाऱ्यालाच खात्री नाही असे वाटेल, ही माझी अडचण अजून तशीच आहे.

तपासनीस : आमच्या मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावर टॉलरन्सखेरीज आणखी एक ± असतो. तो काय, हे आज ध्यानात आले. त्याला आम्ही कोणताच मराठी शब्द वापरत नाही.