भाडेपट्टा संपला, तीन महिने भाडं घेतलं, आता मालक दीडपट मागतोय. मदत हवी आहे

गोदामवाला
पाच वर्षांचा करार ३१ मार्चला संपला. आम्ही तिथेच आहोत. एप्रिल, मे, जून असे तिन्ही महिने जुनं भाडं भरलं, मालकाने घेतलं. आता १० जूनच्या पत्रात म्हणतो, एप्रिलपासून दीडपट द्या. पैसे घेतले म्हणजे करार आपोआप वाढला ना? मग मागच्या तारखेपासून वाढ कशी लावतो? लवकर सांगा, चार दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

पावती_पुस्तक
पैसे घेतले की करार वाढतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ११६. पुन्हा पाच वर्षं जुन्याच भाड्यात, निर्धास्त राहा.

दिवाणी_दावा
थांबा, अर्धंच बरोबर आहे. ११६ नुसार मालकाची संमती असेल तर पट्टा पुढे चालतो, पण पाच वर्षं नाही. गोदामासाठी तो महिन्या-महिन्याचा होतो, म्हणजे १५ दिवसांच्या नोटिशीने संपतो. वर्षाचा पट्टा शेती किंवा कारखान्याच्या जागेला, तिथे नोटीस सहा महिन्यांची. आणि 'विरुद्ध करार नसेल तर' हे शब्द त्याच कलमात आहेत.
धागाकर्ते, आधी हे सांगा: करार नोंदणीकृत भाडेपट्टा आहे की लीव्ह अँड लायसन्स? मुदतीनंतर राहिल्यास काय, असं कलम आहे का? मार्चमध्ये मालकाने काही कळवलं होतं का? आणि भाडेकरू तुम्ही स्वतः की कंपनी?

खिडकी_क्र_४
लायसन्स असेल तर खेळ खलास. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४: मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट. तुमचा मालक दीडपटच मागतोय, लगेच द्या.

गोदामवाला
नोंदणीकृत भाडेपट्टाच आहे. लायसन्स कुठे म्हटलं मी? भाडेकरू प्रायव्हेट लिमिटेड. भाडं ८०,०००, अनामत सहा महिन्यांची.

दिवाणी_दावा
खिडकी_क्र_४, दुप्पटीची तरतूद फक्त राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सला, ती इथे लागू नाही.
कंपनीचं पेड-अप कॅपिटल किती? एक कोटी किंवा जास्त असेल तर तुमची जागा भाडे नियंत्रण कायद्याच्या बाहेर जाते, कलम ३(१)(ब). कमी असेल तर सगळं चित्र उलटतं: नुसती मुदत संपली म्हणून मालक बाहेर काढू शकत नाही आणि भाडंही मनाने वाढवता येत नाही.

गोदामवाला
दीड कोटी. आणि करारात एक कलम आहे, आधी महत्त्वाचं वाटलं नाही: 'मुदतीनंतरचा ताबा हा भाडेपट्टा समजला जाणार नाही व त्या काळासाठी भाडेकरू मासिक भाड्याच्या दीडपट रक्कम देईल.' २० मार्चला मालकाचा ईमेलही होता, ३१ ला किल्ल्या द्या म्हणून.

पावती_पुस्तक
हे आता सांगताय! तरी मी म्हणेन, पैसे घेतले ते घेतलेच. बाहेर काढायचं होतं तर परत पाठवायचे.

दिवाणी_दावा
परत पाठवायलाच हवेत असं नाही. मुदत संपल्यावर राहणारा माणूस जागा वापरतोच आहे, त्या वापराचा मोबदला मालक घेईलच. नुसते पैसे घेणं म्हणजे नवा पट्टा नव्हे. दोन्ही बाजूंची संमती लागते. भवानजी लखमशी खटल्यापासून (१९७१) सर्वोच्च न्यायालय हेच सांगत आलंय. इंडियन ऑईल विरुद्ध सुदेरा रिअल्टीमध्ये (२०२२) मुदतीनंतर राहिलेल्या भाडेकरूवर नुकसानभरपाईची जबाबदारी कायम ठेवली.
२० मार्चचा ईमेल आणि ते कलम, दोन्ही तुमच्या विरोधात जातात. तुमच्या बाजूने काही असेल तर ते पावत्यांत. पैसे नुसते खात्यात जमा झाले, की मालकाने बिल दिलं? बिलावर काय लिहिलंय?

गोदामवाला
दर महिन्याला जीएसटी बिल येतं. 'एप्रिल महिन्याचे भाडे ८०,०००' असंच. मे, जूनचंही तसंच.

दिवाणी_दावा
मग वाद उभा राहतो. 'नुकसानभरपाई, हक्क अबाधित राखून' असं लिहायचं सोडून तो तीन महिने स्वतःहून 'भाडे' लिहितोय, तेही जुन्या दराने. संमतीचा पुरावा म्हणून हे चालेल. समोरून म्हणतील की अकाउंटंटने जुनंच बिल कॉपी केलं. कोर्ट कुठे झुकेल हे ठामपणे सांगता येणार नाही. मला स्वतःला ते कलम जड वाटतं.

चावी_कुलूप
मालकाने कुलूप लावलं तर? सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवायचा दावा करता येतो, विशिष्ट अनुतोष कायदा कलम ६. विसरू नका.

गोदामवाला
कुणी कुलूप लावलेलं नाही! मला आकडा सांगा. आणि एवढं दीडपट कशासाठी? जागा तीच, छप्पर तेच.

हिशेबी
आकडा असा. दीडपट म्हणजे १,२०,०००, फरक महिना ४०,०००. एप्रिल ते जून १,२०,०००. ते कलम टिकलं तर एवढं देणं. संमती सिद्ध झाली तर तीन महिन्यांचा फरक शून्य, पण फक्त मासिक पट्टा रीतसर संपेपर्यंत. त्यानंतर जागा वापरली तर बाजारात तिला जे भाडं मिळालं असतं त्या हिशेबाने भरपाई. ते दीडपटीहून जास्तही निघू शकतं.
दीडपट कशासाठी, तर मालकाकडे पुढचा भाडेकरू ठरलेला असू शकतो आणि तुम्ही आत असेपर्यंत त्याच्याशी सही करता येत नाही. पाच वर्षांपूर्वीचा दर तुम्ही मुदतीची हमी दिली म्हणून होता. आता उद्या निघाल की वर्षाने, तेही त्याला माहीत नाही. शिवाय जुनाच दर राहिला तर कुणी वेळेवर निघणार नाही.

दिवाणी_दावा
फक्त एक मर्यादा: करारात लिहिलं म्हणून पूर्ण रक्कम मिळतेच असं नाही. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही कमाल. आसपासची तशीच गोदामं आज ९०,००० ला जात असतील तर दीडपटीवर तुम्ही भांडू शकता. दोन-तीन नोंदणीकृत करारांच्या नकला (इंडेक्स २) काढून ठेवा, तोंडी दर चालत नाही.

खिडकी_क्र_४
द्या आणि मोकळे व्हा हो. वकिलाची फी फरकापेक्षा जास्त होईल.

दिवाणी_दावा
काही न लिहिता एकदा १,२०,००० भरले की दर मान्य केला असं दाखवायला तेच पुरेल. द्यायचेच असतील तर सोबत पत्र हवं: हक्क अबाधित राखून, वाद कायम ठेवून. जुनं ८०,००० भरतानाही तेच.
आणि १० जूनचं पत्र पुन्हा वाचा. त्यात 'जागा सोडा' असं आहे, की फक्त 'जास्त द्या'? नुसती दरवाढ मागणारं पत्र म्हणजे पट्टा संपवणारी नोटीस नव्हे. तसं असेल आणि संमतीचा मुद्दा तुम्ही जिंकलात, तर १५ दिवस अजून सुरूच झालेले नाहीत.

गोदामवाला
'वाढीव दर मान्य नसल्यास जागा रिकामी करावी' असं आहे. ही नोटीस की नाही?

पावती_पुस्तक
नाही. सशर्त आहे.

दिवाणी_दावा
मला ती नोटीस वाटते. मान्य नाही म्हणालात की सोडायचं, हेतू स्पष्ट आहे. पत्र तुम्हाला मिळाल्यापासून १५ दिवस मोजतात. वकिलाला मूळ पत्र आणि पोचपावती दाखवा. तुम्ही निघणार कधी?

गोदामवाला
माल ऑगस्टअखेरपर्यंत हलेल.

हिशेबी
मग उत्तरात ३१ ऑगस्ट तारीख द्या आणि तेवढ्यापुरता लेखी दर ठरवून घ्या, एक लाखावर तडजोड होऊ शकते. अनामतीतून परस्पर कपात नको हेही लिहा. निघताना किल्ल्यांची सही-शिक्क्याची पोच आणि मीटर रीडिंगचा फोटो. माल हलला पण किल्ली तुमच्याकडे राहिली तर मालकाचा हिशेब चालूच राहील.

चावी_कुलूप
पोच देत नसेल तर साक्षीदार न्या.