मदत हवी आहे: साखळी कथेच्या भागाचा शेवट

मंडळी, आम्ही इंदूरचे पाच जण मिळून साखळी कथा लिहितोय. चौथा भाग माझा, रविवारी तो पुढच्या ताईंकडे द्यायचा आहे.

गोष्ट सराफ्यातली. रात्री दुकानं मिटून खाऊच्या गाड्या लागत असताना नायिका आईच्या गहाण पाटल्या सोडवायला जाते. मी शेवट केला होता: "सराफ म्हणाला, त्या तर तुझ्या वडिलांनी कालच नेल्या." वडील दुसऱ्याच भागात वारलेत! म्हणजे ताईंना आधी माझं कोडं सोडवावं लागणार: तोतया, भूत किंवा सराफाचं खोटं. त्यांची स्वतःची गोष्ट सुरूच होणार नाही.

आता बदललंय: सराफ पाटल्या समोर ठेवतो, पण तीन. गहाण दोनच होत्या. ती तिसरी हातात घेते. इथे थांबलेय. ती परत देईल, लपवेल किंवा आईला विचारेल. तिन्ही वाटांची पहिली वाक्यं मी लिहून पाहिली, जमली.

पण "तिसरी कुणाची?" हेही कोडंच झालं का? की तिनं ती हातात घेण्याआधीच थांबू? तुम्ही कुठे थांबला असता?